चार ओळी, तीन ठेके आणि एक भाकर

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तंव्हा मियते भाकर

बहिणाबाई चौधरींच्या या चार ओळी पाठ नसलेलं मराठी घर विरळाच. बहिणाबाई 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या आणि 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, कांडताना, शेतात राबताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्या गाण्यांपैकी जी टिपून ठेवली गेली होती, ती त्यांच्या पश्चात 1952 साली पुस्तकरूपाने आली. म्हणजे ही कविता आधी तोंडातून निघाली, कागदावर नंतर आली. तिचं इंग्रजी करायला बसलं की याच गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

छोटी कविता इंग्रजीत नेताना नेमकं काय काय करावं लागतं, हे मला या चार ओळी घेऊनच सांगायचं आहे. इंग्रजी ओळीही मी देवनागरीतच लिहिणार आहे, म्हणजे त्या डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकल्या जातील.

पहिलं काम पाठ पक्का करण्याचं. या कडव्याच्या शेवटच्या ओळीत कुठे 'मियते' सापडतं, कुठे 'मिळते'. 'मिळते' हे कुणीतरी प्रमाण मराठीत दुरुस्त करून घेतलेलं रूप आहे. खानदेशातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, गळ्याचा गया होतो, तसंच मिळतेचं मियते. मी 'मियते' धरूनच काम केलं. त्या बोलीचं पुढे काय झालं, ते शेवटाकडे सांगते.

आता लय. ही अष्टाक्षरी आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. मोजून पाहा : अ-रे-सं-सा-र-सं-सा-र. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र. जोडाक्षर एकच धरायचं. चारही ओळी आठ-आठच्या भरतात. मग इंग्रजीतही आठ-आठ सिलॅबल घ्यावेत, असं साहजिकच वाटतं. मीही पहिल्यांदा तेच केलं आणि ओळी लांबल्या, पसरल्या, जड झाल्या. असं का झालं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

कारण असं की आपण आठ मोजतो ते लिहिलेल्या अक्षरांचे. बोलताना आपण 'संसार'मधला शेवटचा 'र' पूर्ण उच्चारत नाही, 'संसार्' म्हणतो. 'भाकर'चं 'भाकर्' होतं, 'मियते'चं 'मिय्-ते' होतं. साध्या बोलण्याच्या चालीत ही कविता म्हटली, तर पहिल्या ओळीत सहाच उच्चार येतात, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सात, चौथीत पुन्हा सहा. गाताना मात्र तोच दबलेला 'र' लांबवला जातो आणि आठ पुरे होतात. इंग्रजी वाचकाकडे ही सोय नाही. तो कविता गाणार नाही, वाचणार आहे. त्याच्यासमोर भरगच्च आठ सिलॅबल ठेवले, तर मूळ कवितेपेक्षा जास्तच सामान ठेवल्यासारखं होतं.

शिवाय इंग्रजीचा कान सिलॅबल मोजतच नाही, तो आघात मोजतो. 'फर्स्ट द फिंगर्स बर्न' म्हणताना 'फर्स्ट', 'फिं' आणि 'बर्न' यांवर जोर पडतो, 'द' आणि 'गर्स' मधल्या फटीत सरकून जातात. म्हणून मूळ ओळीत आघातासारखं काय आहे ते शोधावं लागतं. मी एक साधी गोष्ट केली. कविता मोठ्याने म्हणत प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला टेबलावर बोट आपटलं. अरे, संसार, संसार : तीन. जसा, तवा, चुल्ह्यावर : तीन. आधी, हाताला, चटके : तीन. तंव्हा, मियते, भाकर : तीन. आणखी जवळून पाहिलं तर अक्षरांची वाटणीही सारखीच निघते. पहिली, तिसरी आणि चौथी ओळ दोन-तीन-तीन अशी आहे. फक्त दुसरी ओळ दोन-दोन-चार आहे, आणि तिथेच तवा चुलीवर चढतो.

हे हाती लागलं आणि इंग्रजीसाठी माप ठरलं : ओळीला तीन ठेके. सिलॅबल पाच असोत की नऊ, ठेके तीन. चार ओळींत बारा. एवढ्या छोट्या कवितेत एक ठेका जास्त झाला तरी कानाला लगेच कळतं, भाकरीत खडा लागावा तसं.

लयीचं माप मिळाल्यावर शब्दांकडे वळायचं. माझा पहिला मसुदा शब्दाला शब्द असा होता : 'ओ वर्ल्डली लाइफ, वर्ल्डली लाइफ, इज लाइक अ ग्रिडल ऑन अ स्टोव्ह, फर्स्ट द हँड्स गेट बर्न्स, ओन्ली देन इज द ब्रेड ऑब्टेन्ड.' व्याकरणात चूक नाही, अर्थही बरोबर आहे. तरी यात बहिणाबाई कुठेच नाहीत. का नाहीत, ते एकेक शब्द हातात घेऊनच दाखवते.

'संसार' सगळ्यांत अवघड. आपण संसार थाटतो, संसाराला लागतो, कुणाचा संसार मोडतो, पुरात कुणाचा संसार वाहून जातो. त्यात नवरा-बायको आली, मुलंबाळं आली, डबे-भांडी आली, उधारी आली. शिवाय संतांनी हाच शब्द भवसागराच्या अर्थाने वापरला, त्याचीही छाया त्यावर आहे. बहिणाबाईंच्या ओळीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, पण पाय स्वयंपाकघरात आहेत. 'वर्ल्डली लाइफ' म्हटलं की फक्त संतांचा अर्थ उरतो, तोही प्रवचनातला. 'मॅरेज' म्हटलं की कविता नवरा-बायकोपुरती होते. 'हाउसकीपिंग' म्हटलं की हॉटेलातली चादर बदलायला आलेली माणसं आठवतात. 'कीपिंग हाउस' हा त्यातल्या त्यात चांगला पर्याय होता. मी तो दोन दिवस धरूनही ठेवला. पण तो दोनदा म्हटला की चार ठेके होतात, आणि त्यात भवसागराची छायाही राहत नाही.

शेवटी मी 'संसार' तसाच ठेवला. इथे एक धोका आहे. इंग्रजी शब्दकोशांत 'सम्सारा' हा शब्द आधीपासून बसलेला आहे आणि त्याचा अर्थ जन्म-मृत्यूचा फेरा असा आहे. वाचकाने तो अर्थ घेतला तर तव्यावरची कविता थेट मोक्षाकडे जाईल. म्हणून स्पेलिंग मुद्दाम मराठी उच्चाराचं घेतलं, 'एन' असलेलं आणि शेवटी 'ए' नसलेलं. ज्याला शब्दकोशातला शब्द ओळखीचा आहे, त्यालाही हा जरा वेगळा दिसतो आणि तो थबकतो. शिवाय ही कविता म्हणजे संसार या शब्दाची व्याख्याच आहे. पहिली ओळ वाचून अर्थ कळला नाही, तरी चौथीपर्यंत कळतो.

मग 'अरे'. अनुवादात याचं हमखास 'ओ' नाहीतर 'अलास' होतं, आणि तिथेच कविता रडकी होते. 'अरे' हा उसासा नाही, ती हाक आहे. संसारालाच मारलेली असेल किंवा समोर कुरकुरत बसलेल्या माणसाला मारलेली असेल. ही हाक कोणत्या सुरातली, ते पुढच्या कडव्यावरून ठरवता येतं :

अरे संसार संसार
खोटा कधी म्हनू नही
राऊळाच्या कयसाले
लोटा कधी म्हनू नही

संसाराला खोटं म्हणू नकोस, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नकोस. हे बोलणारी बाई कण्हत नाही, दटावते आहे, आणि त्या दटावण्यात माया आहे. एकच कडवं भाषांतरित करायचं असलं तरी पुढची कडवी वाचून मगच सूर ठरवायचा, तो यासाठी. मी 'अरे'साठी 'आय टेल यू' घेतलं. त्यात 'मी' येतो, तो मूळ ओळीत नाही, एवढी किंमत मोजावी लागली. पण 'यू' कोण हे मोकळं राहतं. संसार असू शकतो, ऐकणारा असू शकतो. मराठीतही ते तसंच मोकळं आहे.

तव्याला 'ग्रिडल' चालतं. इंग्रजांकडेही सपाट लोखंडी तव्यावर भाजायची पद्धत आहे. 'स्टोव्ह' मात्र चालत नाही, कारण त्याला बटण असतं आणि आच कमी-जास्त करता येते. 'हार्थ' हा शब्द कोशात चुलीजवळचा दिसतो, पण इंग्रजी वाचकाला त्यातून बर्फाळ रात्री बैठकीतल्या शेकोटीसमोरची ऊब दिसते. आपल्या चुल्ह्यात धूर आहे, डोळ्यांत पाणी आहे, फुंकणी आहे. म्हणून भांड्याचं नाव सोडून आगीचं घेतलं : 'ऑन द फायर'. चुलीची माती गेली, पण आच राहिली, आणि पुढच्या ओळीतल्या चटक्याला आच हवीच.

आता चटका. हा कुठून बसतो ते भाकरी थापणाऱ्या हाताला विचारावं. पीठ मळून काठवटीत किंवा परातीत भाकरी थापायची, दोन्ही तळव्यांवर उचलायची आणि तापल्या तव्यावर अलगद टाकायची. मग वरच्या बाजूला ओल्या बोटांनी पाणी फिरवायचं. तेव्हा बोटांची टोकं तव्याच्या काठाला लागतात, वाफ तळव्यावर येते. पाणी सुकायच्या आत हातानेच उलटायची. शेवटी तवा उतरवून भाकरी निखाऱ्यासमोर धरायची, म्हणजे ती फुगते. प्रत्येक भाकरीला हे सगळं आलं. तेव्हा चटका ही एकदा घडलेली दुर्घटना नव्हे. तो रोजचा आहे, क्षणभराचा आहे, आणि बाई त्यासाठी हात थांबवत नाही.

इंग्रजीत 'बर्न्स' हे नाम अनेकवचनात आलं की दवाखान्यातला विभाग डोळ्यांसमोर येतो. 'स्काल्ड' उकळत्या पाण्याचा, 'सिंज' केसांचा, 'स्टिंग' मधमाशीचा. मी नाम सोडून क्रियापद घेतलं आणि 'हात' सोडून 'बोटं' घेतली : 'फर्स्ट द फिंगर्स बर्न'. बोटं म्हटल्यावर जखम लहान होते आणि अनेकवचनही आपोआप येतं. 'जिवाला चटका लागला' यातला चटका मात्र इंग्रजीत पोचत नाही, ते नुकसान झालं.

या ओळीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. मराठी ओळीत हात कुणाचा ते सांगितलेलंच नाही. 'हाताला चटके', बस. क्रियापदसुद्धा नाही. चौथ्या ओळीतही भाकर 'मियते', पण कुणाला ते नाही. मराठीला कर्ता गाळायची सवय आहे, इंग्रजीला नाही. तिथे 'युवर हँड' किंवा 'हर हँड' लिहायचा मोह होतो. 'हर' लिहिलं की ती एका बिचाऱ्या बाईची गोष्ट होते. 'युवर' लिहिलं की उपदेश होतो. 'द फिंगर्स' लिहिलं की हात सगळ्यांचे राहतात.

उपदेशावरून 'ओन्ली देन' आठवलं. 'तंव्हा'चं 'ओन्ली देन' करणं कोशाच्या दृष्टीने चूक नाही. पण त्या 'ओन्ली'मध्ये तर्जनी उगारलेली दिसते. कष्ट केल्याशिवाय फळ नाही, हे सुभाषित बहिणाबाई म्हणत नाहीत. त्या फक्त क्रम सांगतात : आधी हे, मग ते. तव्यापाशी बसलेल्या बाईने पाहिलेला क्रम. या चार ओळींत मला एकच गोष्ट वाचवता आली असती, तर मी हा क्रम वाचवला असता. आधी चटका आणि अगदी शेवटचा शब्द भाकर. काही मसुद्यांत व्याकरण नीट बसवायला मी 'भाकर मिळण्याआधी हात पोळतात' अशी उलटी रचना केली होती. इंग्रजीत ती ओघवती होती. पण शेवटच्या शब्दाला भाकरीऐवजी जळकी बोटं हाती आली, आणि कविता होती त्याच्या उलट झाली.

आता ती भाकर. आधी 'ब्रेड' लिहिलं होतं. ऑफिसात माझ्या शेजारी केरळची एक मैत्रीण बसते. तिला मराठी येत नाही, इंग्रजी उत्तम. तिला ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, ओव्हनमधून पाव काढताना हात भाजला. तव्याचं नाव दोन ओळींपूर्वीच घेतलं होतं, तरी 'ब्रेड'ने ते पुसून टाकलं. 'फ्लॅटब्रेड' केलं तर मेनूकार्ड दिसायला लागतं. 'रोटी' जगाला माहीत आहे, पण ती बहुधा गव्हाची आणि हॉटेलातली. खानदेशातली भाकर ज्वारीची, बाजरीची, नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची. म्हणून 'भाकर' तशीच ठेवली. पुन्हा वाचून दाखवल्यावर मैत्रिणीने विचारलं, भाकर म्हणजे तव्यावर हाताने करायचं काहीतरी खायचं ना? एवढं कळलं की पुरे.

चार ओळींत दोन मराठी शब्द म्हणजे जास्त झाले का? याचा मी खूप विचार केला. तळटीप देणार नसलात, तर ठेवलेल्या शब्दाचा अर्थ कवितेतूनच उकलला पाहिजे, असं माझं मत आहे. भाकर तव्यावरून कळते, संसार सगळ्या कवितेवरून कळतो. 'चुल्हा'ही ठेवला असता तर त्याला कळायला आधारच नव्हता, म्हणून तो सोडला. हे शब्द तिरक्या टाइपातही छापायचे नाहीत. तिरका टाइप 'हे परकं आहे' असं सांगतो, आणि भाकर त्या घरात परकी नाही.

हे दोन शब्द ठेवल्याने एक गोष्ट न मागता हातात आली. मूळ कडव्यात 'संसार', 'चुल्ह्यावर', 'भाकर' या तीन ओळी 'र'वर संपतात, 'चटके' तेवढी वेगळी. यमक फक्त तिथे सुटतं, जिथे हात पोळतो. इंग्रजीतही तेच जमून आलं :

सन्सार, आय टेल यू, सन्सार,
लाइक अ ग्रिडल सेट ऑन द फायर :
फर्स्ट द फिंगर्स बर्न,
देन कम्स द भाकर.

टेबलावर बोट आपटून पाहा. पहिल्या ओळीत 'सन्', 'टेल', 'सन्'. कुणी 'सार'वर जोर दिला तरी ठेके तीनच राहतात. दुसरीत 'ग्रि', 'सेट', 'फा'. तिसरीत 'फर्स्ट', 'फिं', 'बर्न'. चौथीत 'देन', 'कम्स', 'भा'. अमेरिकन वाचक 'र' स्पष्ट म्हणेल, ब्रिटिश वाचक तो गिळेल, पण तिन्ही ओळींत सारखाच गिळेल, त्यामुळे शेवट जुळलेलाच राहतो. 'जसा'चं 'लाइक' ठेवलं आणि 'इज' गाळलं, कारण मराठीतही 'आहे' नाही.

राहिली बोली. 'मियते', 'तंव्हा' यांतली लेवा बोली इंग्रजीत आली नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यातली बोली वापरून पाहावी असं कुणी सुचवेल. पण तसं केलं की बाई असोद्याची राहत नाही, तिकडची कुठलीतरी मेंढपाळीण होते. मी एवढंच केलं की 'ऑब्टेन'सारखा शिकलेला शब्द कुठेही येऊ दिला नाही. सगळे शब्द स्वयंपाकघरात बोलता येतील असेच ठेवले. खानदेशी माणसाला 'मियते' ऐकून जे घर आठवतं, ते या इंग्रजी ओळींत नाही.

दुसऱ्या कडव्यावर मी अजून अडलेली आहे. तिथे 'खोटा' आणि 'लोटा' यांचं यमकच युक्तिवाद करतं, आणि कळसाला लोटा म्हणण्याची चूक शक्य होते ती कळसाचा आकार घटासारखा असतो म्हणून. इंग्रजी 'स्पायर' टोकदार असतो. त्याला लोटा समजायची चूक कुणी करणारच नाही, मग बाई कशाला दटावेल? सध्या वहीत 'द पॉट दॅट क्राउन्स द श्राइन' असं लिहून ठेवलं आहे. आकार आला, ठेके तीन आले. पण त्याच 'पॉट'समोर लोट्याला दुसरं काय म्हणायचं, ते अजून सापडलेलं नाही.